आज छोटा प्रोसेसर, पुढे मोठा: सॉकेटचं उरलेलं आयुष्य कसं मोजायचं

२०१७ साली दोघांनी कमी बजेटमध्ये कॉम्प्युटर जुळवला असं धरू. पहिल्याने कोअर आय३ ७१०० आणि बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड घेतला. दुसऱ्याने रायझेन ३ १२०० आणि बी३५० चिपसेटचा. तेव्हा दोघांच्या मशीनमध्ये फार मोठा फरक नव्हता. दोघांनीही मनाशी ठरवलं होतं की आता एवढ्यावर भागवू, दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलू.

पहिल्याचा रस्ता त्याच वर्षी बंद झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेटचं, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेचं, नाव तेच, एलजीए ११५१, पण नव्या प्रोसेसरला ३०० मालिकेचा बोर्ड लागत होता. खाचा जुळायच्या, मशीन चालू व्हायचं नाही. त्याच्या बोर्डावर बसणारा सगळ्यात मोठा प्रोसेसर राहिला आय७ ७७००के, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. दुसऱ्याच्या एएम४ सॉकेटवर मात्र पुढे एएमडीच्या झेन प्लस, झेन २ आणि झेन ३ या पिढ्या आल्या. २०२२ मध्ये आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशवाला रायझेन ७ ५८००एक्स३डी आला आणि त्याच वर्षी बी३५० सारख्या एएमडीच्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही झेन ३ चा अधिकृत आधार मिळाला. बोर्ड बनवणाऱ्याने तसं बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, काढलं असेल, तर पाच वर्षांच्या जुन्या बोर्डावर तो सरळ बसत होता.

ही गोष्ट सांगितली की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: ज्या सॉकेटचं आयुष्य जास्त, ते घ्यावं. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. त्या दुसऱ्या माणसाने २०१७ मध्ये घेतलं म्हणून त्याला पाच वर्षं मिळाली. तोच एएम४ बोर्ड कोणी २०२२ च्या अखेरीस नवा घेतला असेल, तर त्याला प्रोसेसरच्या पुढच्या पिढ्या जवळजवळ मिळाल्याच नाहीत, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीचं पुढचं सॉकेट एएम५ आलं होतं. सॉकेट जन्मल्यापासून किती वर्षं जगलं याने तुम्हाला काही मिळत नाही. तुम्ही घ्याल त्या दिवसापासून ते किती उरलं आहे, आणि त्या उरलेल्या काळात तुम्ही खरंच काही बदलणार आहात का, एवढंच तुमच्या कामाचं.

पायरी पहिली: पुढचा प्रोसेसर आजच नाव घेऊन ठरवा

"पुढे अपग्रेड करू" हे वाक्य मोघम राहिलं की त्यावर केलेला खर्च वाया जातो. म्हणून बोर्ड निवडायच्या आधी कागदावर लिहा: आज कोणता प्रोसेसर, नंतर कोणता, साधारण केव्हा आणि कशासाठी. "कशासाठी" सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकाच सॉकेटवर वर जायचे दोन वेगळे रस्ते असतात.

समजा आज तुम्ही एएम५ वर रायझेन ५ ७६०० घेताय. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश. गेमिंगसाठी वर जायचं असेल तर रस्ता ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी कडे जातो. दोन्हींत कोअर आठच, पण ९६ एमबी कॅश, आणि गेमला तीच हवी असते. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडर किंवा मोठा कोड कंपाइल करणं हे काम असेल तर रस्ता १६ कोअरच्या ७९५०एक्स किंवा ९९५०एक्स कडे जातो. या दोन रस्त्यांना बोर्ड वेगळ्या ताकदीचा लागतो, कूलर वेगळा लागतो आणि पैसेही वेगळे लागतात.

७६०० वरून ९६००एक्स वर जाणं याला मी अपग्रेड म्हणत नाही. सहा कोअरचे सहाच राहतात, एक पिढी पुढे सरकता आणि पैसे मात्र पूर्ण प्रोसेसरचे जातात. माझा स्वतःचा नियम असा आहे: तुमच्या खऱ्या कामात नवा प्रोसेसर जुन्याच्या निदान दीडपट असला पाहिजे, नाहीतर बदलायच्या भानगडीत पडू नये. आज जो प्रोसेसर घेताय त्याच्यापासून दीडपट वर त्या सॉकेटवर काही उपलब्ध आहे का, हे आजच बघता येतं. भविष्यात येणाऱ्या चिपवर हिशेब मांडू नका. जी आज बाजारात आहे, परीक्षणांत मोजली गेली आहे, पण तुमच्या खिशाला सध्या जड आहे, तिच्यावर मांडा. नंतर आणखी चांगलं काही आलंच तर तो वरचा फायदा.

इथे छोट्या प्रोसेसरबद्दल एक सावधगिरी. एएम५ वर ८५००जी सारख्या चिप आहेत, त्यांच्यात ग्राफिक्स आत असतं म्हणून "आत्ता ग्राफिक्स कार्ड नको, पुढे बघू" म्हणणाऱ्याला त्या मोहात पाडतात. पण ८५००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबीच आहे आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन मिळतात. तुमचा क्रम जर "आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर" असा असेल, तर मधली एक-दोन वर्षं नवीन कार्ड या चिपवर अडखळत चालेल. ७६०० मध्येसुद्धा स्क्रीन चालवण्यापुरतं ग्राफिक्स आहेच, आणि कार्डाला सोळाच्या सोळा लेन मिळतात. गेम आत्ता खेळायचे नसतील तर मी ७६०० कडेच वळेन.

पायरी दुसरी: सॉकेट विसरा, बोर्डाची यादी बघा

कंपन्या वचन देतात ते सॉकेटबद्दल. तुम्ही विकत घेता तो एक विशिष्ट बोर्ड. या दोघांत अंतर पडल्याची उदाहरणं दोन्ही बाजूंना आहेत.

इंटेलच्या एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी अशा दोन पिढ्या आल्या. पण एच४१० आणि बी४६० या स्वस्त चिपसेटच्या मूळ बोर्डांवर अकरावी पिढी चाललीच नाही. महागड्या झेड४९० वर चालली. म्हणजे ज्याने पैसे वाचवायला स्वस्त बोर्ड घेतला, त्याच्याच हातून पुढची पिढी गेली. एएमडीनेही मे २०२० मध्ये आधी जाहीर केलं होतं की झेन ३ फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. बी४५० आणि एक्स४७० वाले चिडले, खूप ओरड झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. शेवट गोड झाला, पण निर्णय फिरला नसता तर "एएम४ दीर्घायुषी आहे" या भरवशावर बोर्ड घेतलेले लोक तिथेच अडकले असते.

त्या वेळी अडचण म्हणून जी गोष्ट पुढे आली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बायोस ज्या चिपमध्ये साठवलेलं असतं ती बऱ्याच जुन्या एएम४ बोर्डांवर १६ एमबीची होती. प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी त्यात थोडा थोडा कोड भरावा लागतो, आणि एवढ्या पिढ्यांचा कोड त्यात मावेना. मग काही बोर्डांना नवं बायोस देताना जुन्या प्रोसेसरचा आधार काढावा लागला, काहींचा देखणा ग्राफिकल मेनू जाऊन साधा मेनू आला. ३२ एमबीची चिप असलेल्या बोर्डांना हा त्रास झाला नाही. म्हणून आज एएम५ बोर्ड घेताना तपशिलाच्या पानावर ही संख्या शोधा. काही नव्या बोर्डांवर ती ६४ एमबी असते. दोन बोर्ड बाकी सगळ्या बाबतीत सारखे असतील तर मी मोठ्या चिपचा घेईन.

आता प्रत्यक्ष तपासणी. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडा, त्यात `CPU Support` नावाची यादी असते. पायरी पहिलीमध्ये तुम्ही लिहिलेला "नंतरचा" प्रोसेसर त्या यादीत आहे का बघा, आणि त्याच्यासमोर किमान कोणतं बायोस लागतं तो आकडा लिहून घ्या. मग बायोसच्या पानावर जाऊन शेवटचं बायोस कोणत्या तारखेचं आहे ते बघा. बोर्ड बाजारात येऊन दोन वर्षं झाली आणि वर्षभरात एकही नवं बायोस नाही, असं दिसलं तर त्या मॉडेलकडे कंपनीचं लक्ष उरलेलं नाही. सॉकेटचं आयुष्य पुढे कितीही असो, त्या बोर्डाचं संपत आलं आहे.

जुना किंवा वापरलेला बोर्ड असेल तर मॉडेलचं नेमकं नाव आणि आवृत्ती लागते, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगळं बायोस असतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

पहिली ओळ बोर्डाचं नाव देते, दुसरी सध्याचं बायोस. बोर्डाच्या `Version` मध्ये काही कंपन्या आवृत्तीचा आकडा भरतच नाहीत. तसं दिसलं तर कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेला आकडा वाचा, तो सहसा कडेला किंवा मॉडेलच्या नावाजवळ असतो.

पायरी तिसरी: बोर्ड नंतरच्या प्रोसेसरसाठी घ्या

आजचा छोटा प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर सुखाने चालतो. प्रश्न नंतरच्याचा आहे. ७६०० ची टीडीपी ६५ वॅट, आणि सॉकेटमधून तो जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो. ७८००एक्स३डी ची टीडीपी १२० वॅट, मर्यादा १६२. ७९५०एक्स ची १७० वॅट आणि मर्यादा २३०. हा सगळा प्रवाह बोर्डावरच्या व्हीआरएममधून जातो, म्हणजे सॉकेटच्या बाजूला असलेल्या त्या छोट्या चौकोनी चोकच्या रांगेतून आणि त्यांच्या शेजारच्या मॉसफेटमधून. एकदम स्वस्त बोर्डांवर मॉसफेटवर हीटसिंकच नसतं.

अशा बोर्डाच्या यादीत मोठा प्रोसेसर लिहिलेला असू शकतो, आणि तो चालू होतोही. बिघाड दिसतो तो वीस मिनिटांनी. रेंडर लावलं की पहिली काही मिनिटं कोअर नीट वेगात असतात, मग वेग अचानक पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. प्रोसेसरचं तापमान मात्र मर्यादेच्या बरंच खाली असतं. त्यामुळे माणूस आधी कूलरला दोष देतो, पेस्ट बदलतो, नवा पंखा आणतो. `HWiNFO` मध्ये बोर्डाच्या सेन्सरखाली `VRM MOS` सारखी ओळ असेल तर ती बघा. प्रोसेसर थंड, व्हीआरएम शंभराच्या आसपास आणि वेग खाली-वर, असं तिन्ही एकत्र दिसलं तर दुखणं बोर्डाचं आहे. त्यावर उपाय एकच, प्रोसेसरची वॅटची मर्यादा बायोसमधून कमी करणं. म्हणजे मोठ्या प्रोसेसरचे पैसे देऊन मधल्याचा वेग घेणं.

म्हणून गेमिंगचा रस्ता असेल तर व्हीआरएमवर हीटसिंक असलेला साधा बी६५० किंवा बी८५० बोर्ड पुरतो. एक्स३डी चिप गेममध्ये आपल्या मर्यादेच्या बऱ्याच खाली वीज घेतात, त्यांच्यासाठी महागडा बोर्ड घ्यायची गरज नाही. १६ कोअरचा रस्ता असेल तर मात्र त्या नेमक्या बोर्डाचं व्हीआरएम तापमान मोजलेलं परीक्षण शोधून वाचा. ए६२० बोर्ड मी फक्त अशाच माणसाला सुचवेन जो प्रामाणिकपणे सांगतो की पुढे काही बदलणार नाही.

बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर ते मला हवंच असतं. पेन ड्राइव्हवर नवं बायोस ठेवून, प्रोसेसर न बसवताही बोर्ड अपडेट करता येतो. पुढे वापरलेला प्रोसेसर आणून बोर्ड चालूच झाला नाही, तर हे बटण तुम्हाला दुसऱ्या कोणाचा जुना प्रोसेसर उसना आणण्यापासून वाचवतं.

रॅमबद्दल थोडक्यात. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते आणि ती पुढच्या प्रोसेसरलाही तीच राहणार आहे, म्हणून दोनच काड्या घ्या, पण पुढेही पुरतील एवढ्या. "आत्ता ८-८ च्या दोन, नंतर आणखी दोन" हा विचार इथे महागात पडतो. चार काड्या लावल्या की ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला वेग ३६०० वर येतो. १६-१६ च्या दोन काड्या, ६००० वेगाच्या, हे बहुतेकांना पुरेसं आहे.

पायरी चौथी: हिशेब मांडा, आणि स्वतःला खरं उत्तर द्या

आता मुद्द्याची गोष्ट. चलनाऐवजी मी एकक वापरतो. आजच्या एका छोट्या प्रोसेसरची किंमत १०० एकक धरा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. रॅमचा भाव फार हलतो, त्यामुळे तुम्ही तुमच्या दिवसाचे भाव घाला.

रस्ता अ: आयुष्य संपत आलेलं सॉकेट, डीडीआर४. प्रोसेसर १००, बोर्ड ७०, रॅम ४०. आजचा खर्च २१०. तीन वर्षांनी सगळंच बदलायचं: प्रोसेसर २५०, बोर्ड १२०, रॅम ८०, एकूण ४५०. जुना संच विकून ९० आले. म्हणजे नंतर ३६०, आणि दोन्ही मिळून ५७०.

रस्ता ब: आयुष्य शिल्लक असलेलं सॉकेट. प्रोसेसर १३०, बोर्ड १२०, रॅम ८०. आज ३३०. तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर २५०, जुना ६० ला विकला, म्हणजे १९०. एकूण ५२०.

बहुतेक सल्ले इथे थांबतात: ब मध्ये ५० वाचले, ब घ्या. पण ब साठी तुम्ही आज १२० जास्त मोजले, आणि अपग्रेड केलंच नाही तर ते १२० गेले. केलं तर ५० वाचतात, नाही केलं तर १२० जातात. मग किती खात्री हवी?

```
लागणारी खात्री = जादा खर्च ÷ (जादा खर्च + बचत)
              = १२० ÷ (१२० + ५०) = सुमारे ०.७
```

म्हणजे दहापैकी सात वेळा तुम्ही खरंच प्रोसेसर बदलाल अशी खात्री असेल, तेव्हा कुठे ब हा निव्वळ पैशांच्या दृष्टीने बरोबरीत येतो. तुमच्याकडे आधीच डीडीआर४ च्या चांगल्या काड्या पडून असतील तर अ मधले रॅमचे ४० वजा होतात. मग आजचा फरक १६० होतो, नंतरची बचत १० वर येते, आणि लागणारी खात्री ९४ टक्क्यांवर जाते. अशा माणसाला मी एएम४ वर रायझेन ५ ५६०० घेऊन शांतपणे चार वर्षं काढायला सांगतो.

ब च्या बाजूने एक गोष्ट या आकड्यांत आलेली नाही. १३० एककांचा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून वेगवान असतो, अपग्रेड झालं नाही तरी तो वेग तुम्ही वापरलेला असतो. अ च्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. तीन वर्षांनी अ वाला त्या दिवशीच्या ताज्या सॉकेटवर जातो, त्याच्यापुढे पुन्हा काही वर्षं असतात. ब वाला तोवर आपल्या सॉकेटच्या शेवटाला आलेला असतो. म्हणून सॉकेट एका अपग्रेडसाठी घ्यावं, दोनांची आशा धरू नये.

खात्रीचा आकडा कसा ठरवायचा? मागे वळून बघा. तुमच्या आधीच्या दोन मशीनमध्ये तुम्ही कधी नुसता प्रोसेसर बदलला होता का? मी हा प्रश्न माझ्या धाकट्या भावाला विचारला होता. तो म्हणाला, "दादा, रॅम वाढवली, एसएसडी टाकली, कार्ड बदललं. प्रोसेसर कधीच नाही." मग त्याची खात्री सात-दहांश नव्हतीच. त्याने स्वस्त बोर्ड घेतला, वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले, आणि ते त्याच्यासाठी बरोबर होतं.

पायरी पाचवी: उरलेलं आयुष्य मोजा

तीन तारखा लागतात. सॉकेट कधी आलं, कंपनीने कुठपर्यंतचं वचन दिलं आहे, आणि तुमची बदलायची तारीख. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. एएमडीने आधी २०२५ आणि पुढे असं म्हटलं होतं, २०२४ मध्ये ते २०२७ आणि पुढे असं वाढवलं. एलजीए १७०० नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं, बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी घेऊन गेलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए १८५१ आल्यावर मुख्य प्रवाहातून बाजूला झालं.

पण बाजूला झालेलं सॉकेट अपग्रेडसाठी निकामी नसतं. आज एलजीए १७०० वर आय३ १२१००एफ घेतलेल्या माणसापुढे चार कोअरपासून थेट आय७ १४७०० च्या वीस कोअरपर्यंत जागा आहे. ही उडी मोठी आहे आणि ती चिप अस्तित्वात आहे, कोणाच्या वचनावर अवलंबून नाही. मला तर वाटतं, ज्याला वरची चिप नक्की माहीत आहे त्याच्यासाठी असं "पूर्ण झालेलं" सॉकेट जास्त भरवशाचं. अडचण दुसरीच असते: वेळ.

बंद झालेल्या सॉकेटची सगळ्यात ताकदवान चिप लवकर स्वस्त होत नाही, कारण जुन्या बोर्डवाले सगळे तिच्याच मागे असतात. आय७ ७७००के वापरलेला घ्यायला गेलेल्यांनी हे अनुभवलं आहे, आणि एएम४ च्या एक्स३डी चिप शोधणाऱ्यांनीही. नवं सॉकेट आल्यानंतरचं पहिलं एक-दीड वर्ष, जेव्हा दुकानांत जुन्या चिपचा नवा माल अजून असतो, ती खरेदीची वेळ. "आणखी उतरेल" म्हणून थांबलात तर नवा माल संपतो आणि वापरलेल्याचा भाव वर जातो.

वापरलेला तेरावी-चौदावी पिढीचा आय७ किंवा आय९ घेताना जपून. त्या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता यायची, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या. दुरुस्ती नवं नुकसान थांबवते, आधी झालेलं भरून काढत नाही. खरेदीआधी बोर्डाचं बायोस ताजं करा, विकणाऱ्याकडे वॉरंटी शिल्लक आहे का विचारा, आणि गेम सुरू होताना ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा खोटा संदेश किंवा फाइल उघडताना येणाऱ्या चुका दिसल्या तर परत करण्याची मुभा ठेवा.

पायरी सहावी: बदलायचा दिवस

इथे गडबड झाली तर ती क्रम चुकल्यामुळे होते. आधी बायोस, मग प्रोसेसर. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच नवं बायोस टाका, आणि जुन्यावरच एक दिवस मशीन चालवून बघा. म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष बायोसचा की प्रोसेसरचा हे कळतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः विसरलो होतो. प्रोसेसर बदलून मशीन चालू केलं तर विंडोजच्या आधी काळ्या पडद्यावर मजकूर आला: `New CPU installed, fTPM/PSP NV corrupted or fTPM/PSP NV structure changed`. खाली विचारलं होतं, `Y` दाबून रीसेट करायचं की `N` दाबून जुनं ठेवायचं. एएमडीच्या बोर्डांवर कूटकिल्ल्या सांभाळणारं टीपीएम बहुधा प्रोसेसरच्या आतच चालतं, म्हणून प्रोसेसर बदलला की ते नवं होतं. `Y` दाबलं आणि ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कूटबद्ध करणारं संरक्षण, चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्याकडे नसेल तर डेटा गेला. माझ्याकडे ती होती, पण ती जुन्या ईमेल खात्यात सापडेपर्यंतचा अर्धा तास मला अजून आठवतो. म्हणून आदल्या दिवशी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा:

```
manage-bde -protectors -get C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

पहिली ओळ की दाखवते, ती कागदावर लिहून घ्या. दुसरी ओळ संरक्षण तात्पुरतं थांबवते, तुम्ही पुन्हा चालू करेपर्यंत.

एएम४ वर कूलर काढताना आणखी एक जपणूक लागते. त्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेली पेस्ट कूलर वर उचलताना प्रोसेसरलाही सॉकेटमधून उपटून काढते. पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर जड काम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा, कूलर सरळ वर न ओढता हलके डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. एएम५ वर पिना बोर्डात असतात, तिथे भीती उलटी: प्रोसेसर काढल्यावर उघड्या सॉकेटवर काही पडू देऊ नका.

नवा प्रोसेसर बसवून एएम५ मशीन पहिल्यांदा चालू केलं की पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. पंखे फिरताहेत आणि चित्र नाही म्हणून घाबरून वीज तोडू नका, निदान दहा मिनिटं थांबा. नंतर बायोसमध्ये जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं एक्स्पो प्रोफाइल पुन्हा चालू करा, कारण प्रोसेसर बदलल्यावर ते बहुधा मूळ वेगावर गेलेलं असतं. ते राहून गेलं की माणूस महिनोन्महिने नव्या प्रोसेसरवर ४८०० च्या वेगाने रॅम चालवतो आणि अपग्रेडने काही फरक पडला नाही म्हणतो.

अर्धा तास जड काम लावून वेग, प्रोसेसरचं तापमान आणि व्हीआरएमचं तापमान बघा. सगळं नीट असेल तर बिटलॉकर परत चालू करा:

```
manage-bde -protectors -enable C:
```

जुना प्रोसेसर मात्र महिनाभर विकू नका. नव्यात दोष निघाला आणि तो बदलायला पाठवावा लागला, तर तेवढे दिवस मशीन त्याच्यावरच चालवावं लागेल. पॅकिंगच्या प्लास्टिकच्या कवचात घालून, बोर्डाच्या रिकाम्या खोक्यात ठेवून द्या.